गड चढताना पावलागणिक काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले बहुतेक ट्रेकर पहिला चढ सिंहगडाचा चढतात, तोही आतकरवाडीच्या पायवाटेने. त्यामुळे खालची बहुतेक उदाहरणं त्याच वाटेची आहेत. राजगड, तोरणा, पुरंदरला हेच चालतं, फक्त चढाचे टप्पे बदलतात.

पावलावर म्हणायची ओळ म्हणजे नेमकं काय?

तीन-चार शब्दांची एक छोटी ओळ. तिचा एकेक शब्द एकेका पावलावर पडतो आणि ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उदाहरणार्थ, "टाच टेक, श्वास फेक". पहिल्या पावलाला "टाच", दुसऱ्याला "टेक", तिसऱ्याला "श्वास", चौथ्याला "फेक". तिला अर्थ असावा, पण फार गहन नको. चढावर विचार करायला डोकं रिकामं नसतं.

याने चढ सोपा होतो का?

नाही. चढ तेवढाच राहतो, पाय तेवढेच भरून येतात. ओळ वेग धरून ठेवते, आणि गड चढताना बहुतेक लोक वेगापायीच मार खातात. गाडीतून उतरल्याबरोबर अंगात जोर असतो, सोबतचे पुढे निघालेले असतात, वाट सुरुवातीला सोपी वाटते. मग पहिल्या वीस मिनिटांत धाप लागते आणि उरलेला गड दर पन्नास पावलांवर थांबत चढावा लागतो. तुमची ओळ एका श्वासचक्रात आरामात बसली पाहिजे. ती तुटू लागली, शब्द गिळले जाऊ लागले, की तुम्ही झेपेल त्यापेक्षा जोरात चालला आहात. घड्याळात हृदयाचे ठोके बघण्यापेक्षा हे लवकर कळतं.

ओळीने जोश येतो असंही काही जण सांगतात. येत असेल, पण मी तिच्याकडून जोश मागत नाही. मला तिच्याकडून लगाम हवा असतो.

श्वासाचं आणि पावलांचं गणित काय?

साध्या चढावर बहुतेकांना दोन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर हे जमतं. म्हणजे चार पावलांना एक श्वास. मिनिटाला 80 पावलं पडत असतील तर मिनिटाला 20 श्वास झाले. मध्यम मेहनतीला ते पुरतात.

चढ उभा झाला की 20 श्वास पुरत नाहीत, अंग 30 च्या आसपास मागायला लागतं. इथे बहुतेक जण पावलांचा वेग तोच ठेवतात आणि श्वास वाटेल तसा घेऊ लागतात. त्यामुळे श्वास उथळ होतो, तोंड उघडं पडतं आणि ओळ कुठल्या कुठे जाते. त्याऐवजी पावलं मिनिटाला 60 वर आणायची, एका पावलात आत आणि एका पावलात बाहेर. हेच 30 श्वास झाले, पण तालात.

यात बाहेर सोडण्याकडे जास्त लक्ष द्या. फुप्फुसं नीट रिकामी झाली की आत घेणं आपसूक होतं. धाप लागलेला माणूस वरच्या वर हवा ओढत राहतो आणि आतली जुनी हवा पुरती बाहेर टाकतच नाही.

मोठ्याने म्हणायचं की मनात?

दोन्ही चालतं, पण दोन्हींची मांडणी वेगळी. बोलणं फक्त श्वास सोडतानाच होतं. म्हणून ओळ तोंडाने म्हणणार असाल तर शब्द फक्त सोडण्याच्या पावलांवर ठेवायचे आणि घेण्याची पावलं मोकळी सोडायची. "टाच टेक" मनात, "श्वास फेक" ओठांवर. चारही शब्द मोठ्याने म्हणायला गेलात तर श्वास घ्यायला जागाच उरत नाही आणि पाच मिनिटांत ओळीला दोष देऊन मोकळे व्हाल.

मी स्वतः पुटपुटतो. शेजारच्याला ऐकू जाईल न जाईल एवढंच. पुटपुटण्याचा फायदा असा की शब्द तुटला की लगेच कानाला कळतं. मनातली ओळ दमलेलं डोकं न तुटता पुढे रेटत नेतं आणि आपलीच फसवणूक होते.

स्वतःची ओळ कशी बांधायची?

आमच्या ग्रुपमध्ये घडलेली एक दुरुस्ती सांगतो, त्यातून सगळं कळेल. एका उत्साही मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर ओळ टाकली होती: "चला चला गड सर करू, वेगाने पुढे पाऊल धरू". वाचायला झकास. वाटेवर पहिल्याच उभ्या चढाला सगळ्यांची बोलती बंद. कारणं सरळ आहेत. नऊ शब्द, म्हणजे नऊ पावलं, आणि मध्ये श्वासाला कुठेच जागा नाही. शिवाय ओळ स्वतःच "वेगाने" म्हणते, म्हणजे नको तेच काम सांगते.

मग ती छाटली. "चला चला, गड आला" एवढीच ठेवली. चार शब्द, चार पावलं, दोन आत आणि दोन बाहेर. ताल बसला. पण ग्रुपमधल्या मावशी अर्ध्या वाटेत थांबल्या आणि वर टीव्ही टॉवरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कुठे आलाय गड? तासभर खोटं बोलायला लावताय मला." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शंभरदा "आला" म्हटलं आणि गड तिथेच दिसला की चिडचिड होते. ओळ खरी असावी लागते, नाहीतर ती दमलेल्या माणसाच्या विरोधात जाते.

शेवटी ठरली ती ओळ अशी: "दम घेतो, गड येतो". मावशी "दम घेते" म्हणतात. "दम घेतो" श्वास आत घेताना मनात, "गड येतो" सोडताना ओठांवर. शब्द तेच सांगतात जे त्या क्षणी शरीर करतंय, त्यामुळे चुकून उलटं होत नाही. आणि "येतो" म्हणजे येतोच आहे, आला असं कुणी म्हणत नाही.

या दुरुस्तीतून निघालेले दोन-तीन नियम मी पाळतो. एका पावलाला एकच शब्द, आणि शब्द दोन, फार तर तीन अक्षरांचा. प्रत्येक शब्दात शक्यतो एक दीर्घ स्वर हवा. गडाची वाट म्हणजे जिना नव्हे. एक दगड वीतभर उंच, पुढचा गुडघ्याएवढा. उंच दगड आला की पाऊल लांबतं, मग शब्दही लांबवता आला पाहिजे. "टेक"चा "टेऽऽक" होतो. "चल चल पट पट" घ्या, त्यात सगळी अक्षरं ऱ्हस्व, ताणायला काहीच नाही. अशी ओळ पायांना घाई करते आणि उंच दगडाशी मोडते.

तिसरी गोष्ट आवाजाची. श्वास सोडण्याच्या शब्दात फ, स, श, ह अशी हवा वाहू देणारी अक्षरं असली तर सोडणं सोपं जातं. "फेक" म्हणताना ओठ गोळा होतात आणि हवा फुंकल्यासारखी बाहेर जाते. ओळ "म"वर संपली तर ओठ मिटतात आणि पुढचा श्वास आपोआप नाकाने घेतला जातो. "एक दगड, एक दम" ही ओळ याच कारणाने मला आवडते. थंडीत किंवा धुळीच्या वाटेवर नाकाने श्वास घेतलेला घशाला बरा.

आणि "पडू नको", "घसरू नको" असले शब्द ओळीत घालू नका. दर चौथ्या पावलाला पडण्याची आठवण कशाला हवी?

आतकरवाडीच्या वाटेवर कुठे काय म्हणायचं?

पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत साधारण 600 मीटरचा उभा चढ आहे. एका पावलाला सरासरी 15 सेंटिमीटर उंची मिळते असं धरलं तर 4,000 पावलं होतात. चार पावलांची एक ओळ म्हणजे ती हजार वेळा म्हणायची. एकच ओळ हजार वेळा म्हणून माणूस कंटाळतो, म्हणून मी वाटेचे तीन भाग करतो आणि तीन ओळी ठेवतो.

पहिला भाग गावापासून झाडीतून वर जाणारा. इथे पाय ताजे असतात आणि इथेच आवरायचं असतं. "टाच टेक, श्वास फेक" ही ओळ इथली. टाच टेकवण्याला कारण आहे. चवड्यावर चढत राहिलं तर सगळा भार पोटरीवर येतो आणि वर जाऊन पोटरीत गोळे येतात. दगड सपाट असेल तिथे पूर्ण पाऊल टेकवलं की भार मांडीवर आणि कुल्ल्यावर जातो, ते स्नायू मोठे आहेत. या भागात मिनिटाला 75-80 पावलं पुरेत. मागून कुणी धावत पुढे गेलं तर जाऊ द्या, लिंबू सरबताच्या टपरीवर भेटेलच.

दुसरा भाग उघडा, दगडगोट्यांचा. उन्हाळ्यात नऊनंतर इथे तापतं. इथे "दम घेतो, गड येतो" किंवा "एक दगड, एक दम". नजर दोन-तीन पावलं पुढच्या दगडावर, वरच्या कड्यावर नको. ही ओळ म्हणताना पावलं 65-70 वर येऊ द्यायची. ताकवाल्या मावशींच्या झोपडीपाशी थांबायचं असेल तर थांबा, पण ओळ पूर्ण करून थांबा. अर्ध्यावर तोडून थांबलं की पुन्हा ताल पकडायला वेळ जातो.

तिसरा भाग दरवाजाखालचा, जिथे चढ अंगावर येतो. इथे चार पावलांची ओळ सोडून द्या. गिर्यारोहक बर्फाच्या चढावर वापरतात ती थांब-पावलाची चाल इथे कामाची. एका पावलात तीन शब्द: "ठेव, थांब, चढ". "ठेव" म्हणताना पुढचा पाय वरच्या दगडावर ठेवायचा, पण भार द्यायचा नाही. "थांब" म्हणताना मागचा गुडघा सरळ करून सगळा भार त्या सरळ पायाच्या हाडांवर सोडायचा आणि श्वास घ्यायचा. पुढची मांडी तेवढा क्षण सैल. मग "चढ" म्हणत श्वास सोडत वर उभं राहायचं. प्रत्येक पावलाला मांडीला क्षणभर विश्रांती मिळते. बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही फार सावकाश चाललाय असं वाटतं, पण मध्ये बसायला लागत नसल्याने वेळ बरोबरीचाच लागतो.

हे करताना पुढच्या पायावर नकळत भार जात असेल तर "थांब"ला पुढचं पाऊल उचलून बघा. सहज उचललं गेलं तर चाल बरोबर आहे. अंग पुढे तोललं गेलं तर नाही.

जुन्या म्हणी चालतात का?

काही झकास चालतात. "थेंबे थेंबे तळे साचे" ही जणू चढासाठीच घडवलेली आहे. चार शब्द, सगळे दोन अक्षरी, प्रत्येकात दीर्घ स्वर आणि अर्थही पावलापावलाने वर जाण्याचा. नवख्या माणसाला दुसरं काही शिकवायचंच नसेल तर मी ही एक देतो.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" चार पावलांत बसते, पण शब्द लांब आहेत म्हणून फक्त सावकाश चालीला. पायथ्याशी सुसाट सुटलेल्या मित्रामागून ती म्हणायला मजा येते, आणि दुसऱ्या दिवशी गुडघेदुखीत तिचा अर्थही त्याला कळतो. "नाचता येईना, अंगण वाकडे" वाटेला शिव्या घालणाऱ्यांसाठी. "कोल्ह्याला द्राक्षे आंबट" तीन पावलांची आहे. तीन पावलांच्या ओळीत दर वेळी सुरुवातीचा पाय बदलतो. चारच्या ओळीत श्वास सोडण्याचा जोर कायम त्याच पायावर येतो, तो अशा ओळीने वाटला जातो. अर्थ मात्र अर्ध्यातून परतणाऱ्यांचा आहे, तेवढं बघा.

"गड आला पण सिंह गेला" लोक हौसेने म्हणतात. पाच पावलं होतात, त्यामुळे पाय बदलतो हे चांगलं, पण दोन-दोनचा श्वास तिच्यात बसत नाही. तीन पावलं आत आणि दोन बाहेर असा धरावा लागतो. हलक्या चढावर जमतं, वर नाही.

सरळ आकडे मोजले तर काय बिघडतं?

दहापर्यंत काही नाही. पुढे मराठी आकडे लांबतात. "एकोणतीस", "अठ्ठेचाळीस", "त्र्याण्णव" एका पावलात म्हणून बघा. ताल तिथेच लंगडतो. मोजायचंच असेल तर आठपर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून धरा. किती आठ झाले ते बोटांच्या पेरांवर ठेवायचं.

वारकरी एवढं गात कसे चालतात?

पुणेकरांना हे दरवर्षी घरासमोर बघायला मिळतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाटाचा चढ लागतो आणि तिथेही दिंड्या गात चढतात. त्यामागची युक्ती आपल्या कामाची आहे. दिंडीत सगळे एकाच वेळी सगळं गात नाहीत. पुढचा माणूस चरण धरतो, मागचे उचलतात. एकाचा आवाज चालू असतो तेव्हा दुसऱ्याला श्वास घ्यायला मिळतो. शिवाय टाळ-मृदंगाने चाल ठरलेली असते, कुणी मध्येच वेग वाढवत नाही.

छंदातही श्वासाची सोय आहे. मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरांचे चरण असतात. चौथा आखूड, म्हणजे तिथे दम घ्यायला जागा. जात्यावरच्या ओवीतही शेवटचा चरण आखूड असतो. दळताना खुंटा ओढणाऱ्या बाईची धाप आणि आपली धाप यात फार फरक नाही.

याच मापात एक ओळ बांधून ठेवली आहे, ती हलक्या चढावर किंवा माथ्यावरच्या सपाटीला चालते:

दगडाची वाट, पायाला ती पाठ,
गडाशीच गाठ, दमानं घे.

एका पावलाला तीन अक्षरं: "दगडा", "चीवाट", "पायाला", "तीपाठ", "गडाशी", "चगाठ", "दमानं", "घे". आठवं पाऊल "घे"वर पडतं आणि पुढे दोन अक्षरांची मोकळी जागा उरते. उभ्या चढावर हिचा उपयोग नाही. आठ पावलं एका श्वासात जात नाहीत आणि मध्ये कुठे श्वास घ्यायचा ते प्रत्येकाचं वेगळं होऊन ग्रुपचा गोंधळ उडतो.

ग्रुपमध्ये सगळ्यांनी एकच ओळ म्हणावी का?

मापाने एकच, वेगाने नाही. प्रत्येकाच्या पायाची लांबी वेगळी, दम वेगळा. सगळ्यांना एकाच तालात बांधलं तर सगळ्यात कमी दमाचा माणूस पहिला बसतो. एकत्रच चढायचं ठरलं असेल तर सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि ओळ त्याला म्हणू द्या. तो मागे असला तर तो कायम पळतच असतो. पुढचे टपरीवर बसून त्याची वाट बघतात, तो पोचतो तेव्हा ते उठतात आणि त्याला विश्रांती मिळतच नाही. हा अन्याय पुण्यातल्या प्रत्येक ट्रेक ग्रुपमध्ये चालतो.

लहान मुलांसाठी काही?

सवाल-जवाब. मुलांना श्वासाचं गणित सांगून उपयोग नसतो, पण सवाल-जवाबात ते आपोआप होतं. मोठ्या माणसाने दोन पावलांत विचारायचं, मुलांनी दोन पावलांत उत्तर द्यायचं.

"कुठं चाललास?" "गडावर!"
"काय खाणार?" "पिठलं-भाकर!"
"काय पिणार?" "ताक गार!"
"कोण दमलं?" "बाबा फार!"

शेवटची ओळ मुलं स्वतःच वाढवतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. एक काळजी घ्या. मुलं ओरडायला लागतात आणि ओरडत चढलं की लवकर दमतात. उभ्या टप्प्याला कुजबुजत म्हणायचा खेळ लावा.

"हर हर महादेव" म्हणत चढलं तर?

तालाच्या दृष्टीने उत्तम आहे. हर, हर, महा, देव, चार पावलं. अडचण आवाजाची आहे. ती घोषणा छाती भरून एकदाच द्यायची असते. पावलागणिक छाती भरून ओरडलं तर दहा मिनिटांत घसा आणि दम दोन्ही जातात. हळू म्हणा, छान चालतं. शिवरायांची गारद मात्र पावलांसाठी तोडू नये असं माझं मत आहे. ती वर पोचून, स्थिर उभं राहून म्हणावी.

इअरफोनवर गाणी लावली तर हेच होणार नाही का?

गाण्याचा वेग गाण्याचा असतो, तुमच्या चढाचा नाही. चढ वाढला म्हणून गाणं सावकाश होत नाही, मग पायच त्याच्या मागे धावतात. शिवाय वरून दगड सुटला आणि कुणी "दगड!" म्हणून ओरडलं तर ते ऐकू यायला हवं.

ओळ तुटायला लागली तर काय करायचं?

आधी वेग कमी करा, ओळ तीच ठेवा. तरी तुटली तर चारवरून दोन पावलांवर या, म्हणजे एक आत, एक बाहेर. तिथेही तुटली तर "ठेव, थांब, चढ". आणि तेही म्हणता येत नसेल तर थांबा, सावलीत बसा, पाणी घ्या. दोन-तीन मिनिटांत एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर पुढे निघायला हरकत नाही.

छातीत दाब वाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम यांपैकी काही असेल तर ओळ, चढ, गड सगळं विसरा आणि खाली जायची व मदतीची सोय बघा. धाप बसल्यावर कमी होते. हे त्रास मात्र बसल्यावर कमी झाले तरी त्यांना साधी धाप समजू नका.

कुठे ओळ म्हणूच नये?

जिथे हात लावून चढावं लागतं तिथे. तोरण्याचा रेलिंगचा टप्पा किंवा राजगडाची चोर दरवाजाकडची वाट घ्या. तिथे प्रत्येक पकड वेगळी, प्रत्येक पाऊल बघून टाकायचं. ताल लागला की पाय पुढच्या शब्दाला आपोआप पडतो, आणि कड्यावर आपोआप पडलेलं पाऊल महागात जातं. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरही हेच. कड्याला मधमाश्यांची पोळी दिसली तर तोंड मिटून, गोंगाट न करता पुढे जायचं.

घाटाआधी सराव कुठे करावा?

पर्वतीच्या 103 पायऱ्या पुरेशा आहेत. पायऱ्या रुंद आहेत, त्यामुळे एका पायरीवर दोन पावलं पडतात आणि चार पावलांची ओळ दोन पायऱ्यांत बसते. वर पोचेपर्यंत ओळ न तुटता पुटपुटता आली तर तोच तुमचा वेग. मग एकदा मुद्दाम जोरात चढून ओळ कुठे तुटते ते बघा, म्हणजे तुटणं कसं जाणवतं ते ओळखीचं होतं. पायऱ्या एकसारख्या असल्यामुळे शब्द ताणण्याचा सराव मात्र तिथे होत नाही. त्यासाठी वेताळ टेकडी किंवा तळजाईची दगडाळ वाट बरी.

उतरतानाही म्हणायचं का?

हो, पण वेगळी ओळ. चढताना दम तपासायचा असतो, उतरताना गुडघे वाचवायचे असतात. "वाक गुडघ्या, टेक हळू". पाय ताठ ठेवून खाली आदळला की धक्का थेट गुडघ्यात जातो, किंचित वाकलेल्या पायात तो मांडी झेलते. पावलं आखूड ठेवा, दगड उंच असेल तर आडवं वळून उतरा. उतरताना दम लागत नसल्यामुळे ओळ आपोआप जलद होते आणि तिच्यामागे पायही. म्हणून ही ओळ मी मनात न म्हणता मुद्दाम मोठ्याने, "हळूऽऽ" ओढत म्हणतो. वर येणारे लोक बघतात. बघू देत.